मुंजीच्या कॅसेटवरचे दोन आवाज

माळ्यावरून काढलेली व्हिडिओ कॅसेट हौसेने थेट मशीनमध्ये सारायची नाही. आधी ती उजेडात धरायची आणि तिच्या पारदर्शक खिडकीतून आत गुंडाळलेल्या फितीकडे नीट पाहायचं. फीत काळी, चकचकीत आणि सपाट दिसली तर ठीक. तिच्या कडांवर पांढरी भुकटी किंवा कापसासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी एक कॅसेट चालवली तरी बुरशी मशीनमधल्या हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. ठाण्यात राहणारे, वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यापासून घरातल्या सगळ्या कॅसेटी अशा तपासून वेगळ्या करताहेत. मुलगा डॅलसला, मुलगी लीड्सला. दोघांच्या मुलांनी आपल्या आईबाबांचं लहानपण कधी पाहिलेलं नाही, आणि ते पाहता येईल अशी एकमेव जागा म्हणजे ही प्लास्टिकची खोकी.

बुरशीवाल्या कॅसेटींचा डबा त्यांनी वेगळा ठेवला. उरलेल्यांच्या पाठीवरची प्लास्टिकची चिमुकली पट्टी स्क्रू ड्रायव्हरने तोडून टाकली. ती तुटलेली असली की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करतच नाही. घाईत चुकीचं बटण दाबून लग्नावर क्रिकेटची मॅच चढवल्याच्या कथा त्या काळात घरोघरी होत्या, आणि आजोबांच्या घरीही त्यातली एक आहे. (कोणाची मॅच, ते आजी अजून विसरलेल्या नाहीत.)

खरी अडचण पुढे आली. घरातला जुना व्हीसीआर सुरू होई, पण कॅसेट ओढताना अडकून बंद पडे. अशा मशीनमध्ये रबराचे पट्टे आणि फीत पुढे ढकलणारा रबरी रोलर असतो. वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलेलं रबर कडक होतं, नाहीतर चिकट होऊन वितळल्यासारखं होतं. नवं मशीन घ्यावं तर ते कोणी बनवतच नाही. जपानमधल्या फुनाई कंपनीने, म्हणजे व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याने त्यांना जुनंच, पण पट्टे बदललेलं दुसरं मशीन दिलं. त्या मशीनच्या पुढच्या बाजूला Hi-Fi ही अक्षरं होती. आजोबांनी त्या वेळी तिकडे लक्षही दिलं नाही.

पहिली कॅसेट लावली ती मुलाच्या मुंजीची, १९९१ सालची. दुबईहून सुट्टीवर आलेल्या मेहुण्यांनी स्वतःच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याने केलेलं हे शूटिंग. या कॅसेटला आवाज म्हणून फक्त सनई आहे, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. शूटिंगमधला गोंगाट ऐकवत नाही म्हणून मेहुण्यांनीच नंतर व्हीसीआरच्या ‘ऑडिओ डब’ बटणाने त्यावर सनईची कॅसेट चढवली होती. पण या मशीनवर चित्र उमटलं आणि सनई वाजलीच नाही. भांड्यांचे आवाज आले, गुरुजींचा खाकरा आला, आणि कॅमेऱ्याच्या मागून आजोबांच्या आईचा आवाज आला. लाडू मोजून वाढल्याबद्दल त्या आचाऱ्याला फैलावर घेत होत्या.

हे कसं घडलं ते समजायला फितीवर काय कुठे लिहिलेलं असतं ते पाहावं लागतं. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते. तिच्या बहुतेक रुंदीवर चित्राच्या बारीक तिरक्या रेघा असतात. त्या वाचायला आपल्याकडच्या पॅल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेणारा एक गोल ड्रम असतो आणि हेड त्याच्यावर बसवलेले असतात. साधा आवाज मात्र फितीच्या अगदी कडेच्या एका सरळ पट्टीवर असतो आणि तो एक स्थिर हेड वाचतो. फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. गाण्यांच्या कॅसेटच्या निम्म्याच वेगाने. म्हणून जुन्या व्हिडिओंचा आवाज दबलेला, पोतं पांघरून बोलल्यासारखा येतो.

हा दोष घालवण्यासाठी पुढे हाय-फाय मशीनं आली. त्यांत आवाजाचे वेगळे हेडही त्याच फिरत्या ड्रमवर बसवले गेले. ते आधी फितीच्या चुंबकीय थरात खोलवर आवाज लिहितात आणि मागोमाग चित्राचे हेड त्याच जागी वरच्या भागात चित्र लिहितात. कडेची साधी पट्टीही सोबत भरली जातेच. म्हणजे एकाच कॅसेटवर आवाज दोनदा, दोन ठिकाणी नोंदला जातो. आता ऑडिओ डब काय करतो? तो फक्त कडेची पट्टी पुसून तिच्यावर नवा आवाज भरतो. चित्राखालचा आवाज बदलायचा तर चित्रही नव्याने लिहावं लागेल, म्हणून त्याला तो हातच लावत नाही. मेहुण्यांचा कॅमेरा हाय-फाय होता. त्यांनी सनई चढवली ती कडेवर. घरातला साधा व्हीसीआर तीस वर्षं तेवढीच कड वाचत राहिला, आणि खालचा मूळ आवाज जसाच्या तसा राहिला.

आजोबांनी रिमोटवरचं आवाज बदलण्याचं बटण शोधलं. NORM वर सनई, HIFI वर मुंज.

ही किमया प्रत्येक कॅसेटवर चालत नाही, हे त्यांना आठवड्याभरातच कळलं. मुलीच्या लग्नाची कॅसेट त्यांनी त्याच उत्साहाने लावली, तर दोन्हीकडे तीच सिनेमाची गाणी. कारण साधं आहे. लग्नाची कॅसेट व्हिडिओवाल्याने स्टुडिओत जोडून, गाणी मिसळून तयार केलेल्या प्रतीवरून उतरवलेली होती. मूळ कॅमेऱ्याची कॅसेट त्याने पुसून दुसऱ्या कोणाच्या लग्नाला वापरली असणार. त्या लग्नातली मंगलाष्टकं आता कुठल्याच मशीनवर ऐकू येणार नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे घरच्या कॅमेऱ्याच्या मूळ कॅसेटी आहेत त्यांनी त्या आधी हाताळाव्यात. वेष्टनावर सोनेरी अक्षरं आणि वधूवरांचे फोटो असलेल्या कॅसेटी नंतर पाहिल्या तरी चालतील.

चित्राखालचा आवाज नाजूकही असतो. कॅमेऱ्याने लिहिलेल्या रेघांवरून मशीनचे हेड थोडे जरी बाजूला सरकले तरी करकर सुरू होते. मशीनवरचं ट्रॅकिंग फिरवून हेड पुन्हा रेघेवर आणता येतात. आजोबांनी ते डोळ्यांपेक्षा कानांनी जुळवलं, कारण चित्र ठीक दिसत असतानाही आवाज फाटू शकतो. एवढं करूनही भिक्षावळीच्या वेळचा काही भाग सुधारलाच नाही. त्यांनी कॅसेट दोनदा भरली, एकदा हाय-फाय आवाजासह आणि एकदा सनईसह. फाटलेल्या जागी सनई जोडून सफाई करता आली असती. त्यांनी ती केली नाही, आणि ते बरंच झालं. अर्धवट का असेना, पण खरा आवाज कुठे आहे ते नातवंडांना कळायला हवं.

कॉम्प्युटरमध्ये भरण्याची जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी एका छोट्या कॅप्चर कार्डात, आणि ते कार्ड यूएसबीमध्ये. तीन तासांची कॅसेट भरायला तीन तासच लागतात, त्यात पळवाट नाही. पण पहिल्या प्रयत्नात तासाभरानंतर ओठ आणि शब्द यांची फारकत झाली. जुन्या फितीवरून येणारं चित्र क्षणोक्षणी डळमळतं. जुना टीव्ही ते सांभाळून घेई. स्वस्त कार्डाला ते जमत नाही आणि ते मधलेमधले फ्रेम टाकून देतं. कॅप्चरच्या प्रोग्रॅममध्ये टाकलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. तो वाढत गेला की पुढे आवाज मागेपुढे होणार हे नक्की. यावर उपाय म्हणून त्यांनी धूळ खात पडलेला डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडला. त्यात काही रेकॉर्ड करायचं नाही, चित्र नुसतं त्याच्यातून पलीकडे जाऊ द्यायचं. काही रेकॉर्डर चित्र पुढे पाठवताना त्याची प्रत्येक ओळ नव्या ठोक्यावर बसवतात. त्यांचा रेकॉर्डर त्यातला निघाला, आणि आकडा शून्याशी थांबला.

भरलेली मूळ फाइल तासाला तीसेक जीबी होते. ती दोन हार्ड डिस्कवर ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. नातवंडांना पाठवायची ती तिच्यावरून केलेली लहान प्रत. या प्रतीत एक काम करावंच लागतं. पॅलचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनतं. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. मोबाइलवर ती दोन्ही एकदम दिसली तर हलत्या हाताच्या कडेला आडव्या दातेरी रेघा उमटतात. त्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणारी ही आज्ञा मुलाने लिहून पाठवली आणि आजोबांनी ती छापून कपाटाच्या दारावर डकवली:

```
ffmpeg -i munj.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,scale=768:576,setsar=1" -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 192k munj.mp4
```

यातला `tff` म्हणजे वरच्या ओळी आधी. हा क्रम चुकला तर चालणारा माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरत चालतो. तसं दिसलं की `bff` करायचं. चित्राच्या तळाशी उडणारी वेडीवाकडी पट्टी मात्र बिघाड नव्हे. ड्रमवरच्या एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जाताना ती नेहमीच उमटते, फक्त जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती दिसत नसे.

पाठवताना त्यांनी व्हॉट्सअॅप टाळलं, कारण ते चित्र दाबून आणखी धूसर करतं. सगळं ड्राइव्हवर, फक्त घरच्यांना उघडेल असं. लग्नाची कॅसेट यूट्यूबवर चढवून पाहिली तर गाण्यांच्या मालकीचा दावा आला. व्हिडिओवाल्याने हौसेने टाकलेली गाणी इथेही आडवी आली.

तीन तासांची मुंज डॅलसच्या नातवाने अर्थातच पाहिली नाही. मग आजोबांनी पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला कोण कोणाचं कोण ते स्वतःच्या आवाजात सांगितलं. त्यानंतर प्रश्न यायला लागले. बाबाचं डोकं का भादरलंय, तो रडतोय का, आणि ती दिसत नाही पण सारखी ओरडतेय ती बाई कोण. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आजोबांनी आईचा एक फोटो शोधून त्या तुकड्याच्या आधी जोडला.

सध्या त्यांच्या टेबलावर एक वेगळीच कॅसेट आहे. न्यू जर्सीहून बहिणीने १९९४ मध्ये पाठवलेली. ती लावली की चित्र फिरतं आणि रंग उडतात, कारण ती अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीची आहे. ५२५ ओळींची, आणि ड्रमचा वेगही निराळा. दोन्ही पद्धती वाचणारं मशीन बघून ठेवायचं लॅमिंग्टन रोडवाल्याने कबूल केलंय. बुरशीच्या डब्याला त्यांनी अजून हात लावलेला नाही. त्यासाठी ते एक वेगळा, मोडीत निघाला तरी चालेल असा व्हीसीआर शोधताहेत.