गंजानेच राखलेला लोहस्तंभ

दिल्लीत कुतुबमिनाराच्या आवारात उभ्या असलेल्या लोहस्तंभाला कधीच गंज लागला नाही, असे गाइड हमखास सांगतात. खरी गोष्ट याहून रंजक आहे. या खांबाला गंज लागला, पण तो गंजच त्याचे चिलखत झाला.

खांबाची उंची सुमारे 7.2 मीटर आणि वजन सहा टनांहून जास्त. त्यातला मीटरभराहून थोडा अधिक भाग जमिनीखाली आहे. खांबावरच्या ब्राह्मी लेखात ‘चंद्र’ नावाच्या राजाचा उल्लेख येतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा राजा म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त. म्हणजे खांबाचे वय साधारण 1600 वर्षे.

एवढे लोखंड एकाच वेळी वितळवून ओतता येईल अशी भट्टी तेव्हा आपल्याकडे नव्हती. लोहखनिज आणि लाकडी कोळसा यांचे थर लावून लहान भट्टी पेटवायची, भात्याने हवा द्यायची, की तळाशी लोखंडाचा सच्छिद्र गोळा जमायचा. तो तापवून ठोकला की त्यातली बरीच धातुमळी बाहेर पडे. असे अनेक गोळे तापवून, एकावर एक ठोकून, जोडत जोडत हा खांब घडवला गेला.

या पद्धतीतच खांबाच्या दीर्घायुष्याचे मूळ आहे. आजच्या पोलादाच्या भट्टीत चुना घालतात. तो खनिजातून आलेला फॉस्फरस ओढून घेतो आणि धातुमळीबरोबर बाहेर नेतो. जुन्या भट्टीत चुना घालत नसत, त्यामुळे फॉस्फरस लोखंडातच राहिला. खांबात त्याचे प्रमाण सुमारे 0.25 टक्के आहे, तर आजच्या साध्या पोलादात ते साधारण 0.05 टक्क्यांच्या आतच ठेवतात. कारण फॉस्फरस वाढला की पोलाद थंडीत ठिसूळ होते. पूल किंवा रेल्वेचे रूळ यांच्यासाठी जो दोष, तो खुल्या हवेत नुसत्या उभ्या राहणाऱ्या खांबासाठी गुण ठरला.

तो कसा, याची उकल आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी खांबावरच्या गंजाच्या अभ्यासातून केली. साधा गंज भुसभुशीत असतो. त्याला भेगा जातात, पापुद्रे सुटतात, आणि त्यांतून ओल व प्राणवायू खालच्या ताज्या लोखंडापर्यंत पोहोचतात. खांबावरही सुरुवातीला लोखंड झिजलेच. मात्र ते झिजताना त्यातला फॉस्फरस धातू आणि गंज यांच्या सीमेवर साठत गेला. तिथे ओल मिळताच त्यापासून फॉस्फेट तयार झाले आणि त्याने लोखंडाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटणारा पातळ थर धरला. लोखंडात अडकून राहिलेल्या धातुमळीच्या कणांनीही सुरुवातीची झीज वाढवून फॉस्फरसाच्या या साठ्याला हातभार लावला.

पुढचे काम ऋतूंनी केले. पावसात खांब भिजे, उन्हात वाळे. भिजण्या-वाळण्याच्या या फेऱ्यांत मूळचे आकारहीन फॉस्फेट हळूहळू स्फटिकरूप झाले. स्फटिकांचा थर दाट असतो, त्यात छिद्रे फार कमी राहतात. पाणी आणि प्राणवायू यांची वाट अडली, तशी झीज मंदावत गेली. ती पूर्ण थांबलेली नाही, पण शतकांच्या हिशेबातही नगण्य म्हणावी इतकी कमी आहे.

दिल्लीच्या हवेचाही यात वाटा आहे. पावसाळा सोडला तर ती बहुतेक काळ कोरडी असते. शिवाय एवढा जाड लोखंडी खांब दिवसभरात बरीच उष्णता साठवतो. रात्री तो सावकाश निवतो, म्हणून त्याच्यावर दव कमी धरते. पण निव्वळ हवेला श्रेय देता येत नाही, कारण त्याच हवेत आजचे साधे लोखंड उघडे ठेवले तर ते पापुद्रे सोडत गंजते.

या संरक्षणाची मर्यादा खांबाच्या पायाशीच दिसते. 1961 मध्ये पुरातत्त्व खात्याने खांब उपसला, तेव्हा जमिनीखालचा भाग गंजाच्या जाड थराने झाकलेला आणि खड्ड्यांनी खाल्लेला आढळला. लोखंड तेच, फॉस्फरस तोच, पण मातीत ओल टिकून राहते आणि क्षारही असतात. वाळायला वावच न मिळाल्याने तो दाट थर तिथे उभा राहू शकला नाही. खांब पुन्हा रोवताना त्या भागाला शिशाच्या पत्र्याचे आवरण देण्यात आले.

दुसरी मर्यादा माणसांनी दाखवून दिली. खांबाला पाठ टेकवून मागे हात जुळवले की इच्छा पूर्ण होते, या समजुतीने असंख्य लोक त्याला बिलगत आले. हात पोहोचतात त्या उंचीवर खांब घासून चकचकीत झाला आणि तेवढ्या पट्ट्याचा रंग बाकीच्या तपकिरी भागाहून वेगळा दिसू लागला. तिथे संरक्षक थरच झिजत होता. म्हणून 1997 मध्ये खांबाभोवती कुंपण घातले गेले. त्या कुंपणाबाहेरून पाहताना तपकिरी अंगाकडे नीट लक्ष द्यावे, कारण राखायचे आहे ते तेच. ते घासून ‘स्वच्छ’ केले, तर खालच्या लोखंडाला पहिल्यापासून गंजावे लागेल.