१३३ ने गुणण्याआधी

जपानमधल्या शोधनिबंधात एक ओळ सापडते: ‘आर्गॉनचा दाब ०.५ पास्कल’. तसाच टायटॅनियमचा लेप काचेवर चढवून पाहायचा आहे, पण आपल्या प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर दाब टॉरमध्ये उमटतो. मग पडद्यावर कोणता आकडा दिसला म्हणजे आपण त्या जपानी प्रयोगाशी जुळलो? उत्तर एका भागाकाराचं आहे. तरीही लेप बिघडण्याचं कारण शोधताना कित्येकदा याच भागाकारापाशी येऊन थांबावं लागतं.

या पद्धतीला स्पटरिंग म्हणतात. बंद चेंबरमधली हवा पंपाने ओढून घ्यायची, मग थोडासा आर्गॉन वायू सोडायचा आणि विजेच्या दाबाखाली त्याचा प्लाझ्मा पेटवायचा. आर्गॉनचे आयन टायटॅनियमच्या चकतीवर आदळतात, तिथले अणू उडवतात आणि ते समोरच्या काचेवर जाऊन बसतात. वाटेत या अणूंची आर्गॉनशी किती वेळा टक्कर होते, हे दाबावर ठरतं. ०.५ पास्कलला आर्गॉनचा रेणू दोन टकरांच्या मध्ये सरासरी दीडेक सेंटिमीटर जातो. दाब दुप्पट केला की हे अंतर निम्मं होतं, काचेपर्यंत पोचणारे अणू मंदावतात आणि लेप पोकळ, भुसभुशीत बनू लागतो. दाबाच्या आकड्याला इतकं जपायचं ते यासाठी.

टॉर हे एकक तोरिचेल्लीच्या नावाचं. १६४३ च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये त्याने पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरण्याचा प्रयोग मांडला. पारा सगळा खाली आला नाही. हवेच्या दाबाने तोलून धरलेला सुमारे ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ नळीत उभा राहिला. एक टॉर म्हणजे व्यवहारात या स्तंभाचा एक मिलिमीटर. डॉक्टर रक्तदाब १२० सांगतात तेही पाऱ्याचेच मिलिमीटर. पास्कल मात्र पाऱ्याशी नातं न ठेवता ठरवलेलं एकक आहे: एका चौरस मीटरवर एक न्यूटन इतका जोर. १९७१ साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला हे नाव मिळालं. प्रमाण वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल धरलेला आहे आणि टॉर हा त्याचा ७६० वा भाग. भागून पाहा, १३३.३२२ येतात. एक टॉर म्हणजे जवळजवळ १३३ पास्कल.

आता आपला आकडा. पास्कलवरून टॉरकडे यायचं म्हणून ०.५ ला १३३.३ ने भागायचं: ०.००३७५ टॉर, म्हणजे ३.७५ मिलिटॉर. पडद्यावर ते `3.75E-3` असं दिसेल. `E-3` म्हणजे दशांशचिन्ह तीन घरं डावीकडे. स्पटरिंग करणारे लोक हा भागाकार करत बसत नाहीत. पास्कलला साडेसाताने गुणलं की मिलिटॉर मिळतात, एवढं त्यांच्या तोंडी असतं. आणि दिशा चुकली का, हे पाहायची खूण सोपी आहे. पास्कल लहान एकक असल्याने तोच दाब पास्कलमध्ये नेहमी मोठ्या आकड्याने लिहिला जातो.

कुणी भागण्याऐवजी गुणलं तर उत्तर ६६ टॉर येतं. ही चूक लपत नाही, कारण इतक्या दाबाला टर्बो पंप चालवताच येत नाही. कुणी ०.५ पास्कलचे ०.५ मिलिटॉर केले, तर आर्गॉन इतका विरळ होतो की प्लाझ्मा पेटत नाही किंवा पेटून विझतो. तीही चूक यंत्रच दाखवून देतं. खरा घात तिसऱ्या एककाने होतो. युरोपात बनलेली बरीच यंत्रं मिलिबारमध्ये दाब दाखवतात. एक मिलिबार म्हणजे १०० पास्कल, म्हणून ०.५ पास्कल म्हणजे ०.००५ मिलिबार. हा आकडा कुणाच्या वहीतून उचलून टॉर समजून लावला, की चेंबरमध्ये ०.६७ पास्कल भरतात. एक तृतीयांश जास्त. प्लाझ्मा पेटतो, लेप चढतो, सगळं सुरळीत दिसतं, फक्त लेपाचा ताण आणि विद्युतरोध जुळत नाही. मग दोष टायटॅनियमवर जातो, काचेवर जातो, एककाकडे कुणी पाहत नाही.

यावर तपासणी आहे. चेंबर हवेने भरून उघडं असताना गेज काय दाखवतं ते पाहावं. समुद्रसपाटीला टॉरमध्ये साडेसातशेच्या पुढचा, मिलिबारमध्ये हजाराच्या आसपासचा आणि पास्कलमध्ये लाखाच्या घरातला आकडा दिसायला हवा. पुणं साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने तिथे टॉर ७१० च्या आसपास आणि मिलिबार ९५० च्या आसपास येतात, तेव्हा तिथे ७६० दिसले नाहीत म्हणून गेज बिघडलं असं समजू नये. साधी पिरानी गेजं वातावरणाच्या दाबाला ढोबळच असतात. तिथे सेटिंगमध्ये जाऊन एककाचं नाव डोळ्यांनी वाचणंच खात्रीचं.

पण एकक बरोबर, भागाकारही बरोबर, आणि तरी दाब चुकीचा, असंही होतं. माझ्या मते शिकवताना सर्वांत कमी वेळ याच गोष्टीला दिला जातो. पिरानी गेज दाब थेट मोजत नाही. त्याच्या आत एक तापवलेली तार असते. भोवतालचा वायू तिची उष्णता किती वाहून नेतो, त्यावरून ते दाबाचा अंदाज करतं, आणि हा हिशेब बहुधा नायट्रोजन धरून बसवलेला असतो. आर्गॉन उष्णता कमी वाहून नेतो. त्यामुळे गेजला वाटतं की वायू कमी आहे. आर्गॉनसाठी खरा दाब गेजच्या आकड्याच्या साधारण १.७ पट असतो. म्हणजे पिरानीवर ३.७५ मिलिटॉर दिसेपर्यंत आर्गॉन सोडला, तर आत सुमारे ६.४ मिलिटॉर भरतात, म्हणजे ०.८५ पास्कल. जपानी प्रयोगाशी जुळायचं तर या गेजवर २.२ च्या आसपासच थांबायला हवं. शिवाय इतक्या कमी दाबाला पिरानी आपल्या मर्यादेच्या टोकाशी आलेलं असतं. म्हणून स्पटरिंगसाठी शक्यतो कपॅसिटन्स मॅनोमीटर लावतात. त्यातला पातळ पडदा वायूच्या दाबाने प्रत्यक्ष वाकतो, त्यामुळे वायू कोणता याने त्याला फरक पडत नाही.

हाच विचार दशांशस्थळांनाही लागू होतो. आर्गॉन सोडण्याआधी चेंबर `5.0E-6` टॉरपर्यंत खाली नेलं, तर कॅल्क्युलेटर ०.०००६६६६१२ पास्कल म्हणेल. पण इतक्या खालचा दाब मोजणारं पेनिंग गेज तीसेक टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. तिथे ०.०००६७ लिहिणं पुरेसं आहे. पुढचे अंक गुणाकारातून आलेले असतात, चेंबरमधून नव्हे.

म्हणून वहीतली नोंद अशी असावी: पडद्यावर दिसलेला आकडा जसाच्या तसा, त्याचं एकक, गेजचा प्रकार, चेंबरमधला वायू, गेजमध्ये त्या वायूची दुरुस्ती आधीच चालू होती की नाही, आणि त्यानंतर वेगळ्या रकान्यात पास्कल. रूपांतर चुकलं असेल तर मूळ आकड्यावरून ते सहा महिन्यांनीही पुन्हा करता येतं. नुसता पास्कलचा आकडा उरला असेल, तर तो गुणून आला की भागून, आणि १.७ त्यात धरले होते की नाही, हे वहीवरून कळण्याचा मार्ग उरत नाही.