भाव जागेवर, पण पैसे गायब! टोकन कोसळण्याआधीची खूण कुठे दिसते?

१ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘स्क्विड’ टोकनचा भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत जवळपास शून्यावर आला. त्याआधी चार्ट चढतच होता, कारण बहुतेकांना टोकन विकताच येत नव्हते. पूलमधले पैसे काढून निर्माते पसार झाले.

हे कसे घडते? समजा, एका पूलमध्ये १० लाख टोकन आणि १० लाख रुपये आहेत. भाव १ रुपया. तुम्ही १ लाख टोकन विकले, तर सुमारे ९१ हजार रुपये मिळतील आणि भाव ८३ पैशांवर येईल.

आता निर्मात्याने पूलमधला ९० टक्के हिस्सा काढला. दोन्ही बाजू सारख्याच घटल्याने चार्टवर भाव १ रुपयाच दिसतो. पण तेवढेच टोकन विकल्यावर हाती फक्त ५० हजार येतात आणि भाव २५ पैशांवर कोसळतो.

म्हणून भावाआधी ‘Liquidity’चा आकडा पाहा. तो अचानक घटला असेल, किंवा चार्टवर खरेदीच दिसते आणि विक्री जवळपास नाहीच, तर सावध व्हा. लिक्विडिटी ‘लॉक’ असली तरी मुदत तपासा. ती संपताच पैसे काढता येतात.