टी-चाचणीतील पी-मूल्याचा अर्थ आणि दोन प्रकारच्या चुका : दहा रुग्णांच्या झोपेचे एक उदाहरण

सारांश
एका मध्यमानाच्या टी-चाचणीत मिळणारे पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता, असा समज संशोधन प्रबंधांत वारंवार आढळतो. प्रस्तुत लेखात 'स्टुडंट' यांनी १९०८ मध्ये वापरलेल्या दहा रुग्णांच्या आकडेवारीच्या आधारे पी-मूल्याचा नेमका अर्थ, पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या चुका आणि या तिन्हींमधील भेद स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : टी-चाचणी, शून्य परिकल्पना, पी-मूल्य, सार्थकता पातळी, चाचणीची शक्ती

प्रस्तावना
विल्यम सीली गॉसेट हे डब्लिन येथील गिनेस या बीअर बनविणाऱ्या कंपनीत काम करीत होते. तेथील प्रयोगांत निरीक्षणांची संख्या अल्प असे. अशा लहान नमुन्यावरून मध्यमानाविषयी अनुमान कसे काढावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आज टी-चाचणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा तो आरंभ होय. आपली पद्धत समजावून सांगण्यासाठी त्यांनी कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी घेतली. त्यात दहा रुग्णांना झोपेची औषधे दिल्यावर, औषध नसलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांची झोप सरासरी किती तासांनी वाढली वा घटली, याची नोंद होती. प्रस्तुत विवेचन त्यांपैकी पहिल्या औषधापुरते मर्यादित आहे.

उदाहरण आणि गणन
पहिल्या औषधामुळे दहा रुग्णांच्या झोपेत पडलेला फरक तासांमध्ये असा होता : ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.० आणि २.०. चार रुग्णांची झोप घटली, एकाची तेवढीच राहिली आणि पाच जणांची वाढली. या दहा संख्यांचे मध्यमान ०.७५ तास, म्हणजे पाऊण तास येते. प्रश्न असा की, ही पाऊण तासाची वाढ औषधाची मानावी की केवळ योगायोगाची?

येथे शून्य परिकल्पना अशी की, अशा सर्व रुग्णांच्या जनसंख्येत औषधामुळे झोपेत पडणारा मध्यमान फरक शून्य आहे. पर्यायी परिकल्पना अशी की, तो शून्य नाही. नमुन्याचे प्रमाण विचलन १.७९ तास आहे. त्याला नमुनासंख्येच्या, म्हणजे १० च्या वर्गमुळाने भागल्यास मध्यमानाची प्रमाण त्रुटी ०.५६६ तास मिळते. त्यावरून,

टी = (०.७५ − ०) ÷ ०.५६६ = १.३३

स्वाधीनता मात्रा ९ असताना ५ टक्के सार्थकता पातळीवर द्विपुच्छ चाचणीसाठी टीचे कोष्टकमूल्य २.२६२ आहे. गणन केलेले मूल्य त्याहून कमी असल्याने शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. याच टी-मूल्याशी निगडित पी-मूल्य ०.२२ आहे.

गणन येथे संपते. परंतु ०.२२ या संख्येचे वाचन कसे करावे, ही अडचण येथूनच सुरू होते.

पी-मूल्य काय सांगते
क्षणभर असे मानू की औषध सर्वथा निष्प्रभ आहे. अशा स्थितीत दहा-दहा रुग्णांवर हाच प्रयोग असंख्य वेळा केला, तरी प्रत्येक वेळी मध्यमान अगदी शून्य येणार नाही. कधी ते थोडे धन, तर कधी थोडे ऋण येईल. अशा शंभर प्रयोगांपैकी सुमारे २२ प्रयोगांत टीचे मूल्य, चिन्ह बाजूला ठेवल्यास, १.३३ किंवा त्याहून अधिक येईल. पी-मूल्य ०.२२ चा अर्थ एवढाच आहे. औषध निष्प्रभ असते तरी असा निकाल मुळीच दुर्मीळ ठरला नसता.

यातील 'औषध निष्प्रभ असते तर' ही अट निर्णायक आहे. पी-मूल्य ही शून्य परिकल्पना खरी मानून काढलेली, आकडेवारीविषयीची संभाव्यता आहे. ती परिकल्पनेविषयीची संभाव्यता नव्हे. जी गोष्ट गणनात आरंभीच खरी मानली, तिच्या खरेपणाची संभाव्यता त्याच गणनातून बाहेर पडू शकत नाही. म्हणून 'औषध निष्प्रभ असण्याची शक्यता २२ टक्के आहे' हे विधान चुकीचे आहे, आणि 'औषध गुणकारी असण्याची शक्यता ७८ टक्के आहे' हेही तितकेच चुकीचे आहे.

हा गोंधळ अलीकडचा नाही. गॉसेट यांनी स्वतः या आकडेवारीवरून खरे मध्यमान धन असण्याची संधी ०.८८७ विरुद्ध ०.११३ अशी मांडली होती. यातील ०.११३ ही संख्या आजच्या एकपुच्छ पी-मूल्याच्या जवळपास आहे. मात्र तिचे वाचन परिकल्पनेची संभाव्यता म्हणून केलेले आहे. प्रयोगापूर्वी मध्यमानाची सर्व मूल्ये सारखीच शक्य होती असे गृहीत धरले, तरच असे वाचन टिकते. बहुतेक प्रयोगांत या गृहीतास आधार नसतो.

चुकांचे दोन प्रकार
चाचणीच्या निर्णयातील चुकांची रीतसर मांडणी येझी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९२८ ते १९३३ या काळात केली. शून्य परिकल्पना खरी असताना ती नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक होय. आपल्या उदाहरणात याचा अर्थ, निष्प्रभ औषध गुणकारी ठरवून रुग्णांना देत राहणे. शून्य परिकल्पना खोटी असताना ती न नाकारणे ही दुसऱ्या प्रकारची चूक होय. म्हणजेच गुणकारी औषध बाजूला सारणे आणि रुग्णांना निद्रानाशात ठेवणे.

पहिल्या प्रकारच्या चुकीचे प्रमाण संशोधक स्वतः ठरवतो. सार्थकता पातळी ५ टक्के ठेवली, तर निष्प्रभ औषधांवरील शंभर प्रयोगांपैकी सरासरी पाच प्रयोगांत ती औषधे गुणकारी ठरतील, एवढी जोखीम त्याने पत्करलेली असते. ही पातळी प्रयोगापूर्वी निश्चित होते आणि पद्धतीचा गुणधर्म असते. पी-मूल्य प्रयोगानंतर त्या विशिष्ट आकडेवारीवरून निघते. दोन्ही संख्या शून्य आणि एक यांच्या दरम्यानच्या असल्या, तरी त्यांची भूमिका भिन्न आहे. एखाद्या प्रयोगात पी-मूल्य ०.०३ आले, म्हणजे तो निर्णय चुकीचा असण्याची शक्यता ३ टक्के ठरते असे नाही.

दुसऱ्या प्रकारच्या चुकीचे प्रमाण मात्र आपोआप ठरत नाही. खरा परिणाम किती मोठा आहे, निरीक्षणांत विचलन किती आहे आणि नमुना किती मोठा आहे, या तिन्हींवर ते अवलंबून असते. समजा, झोपेत सरासरी एक तासाची वाढ झाली तर औषध वैद्यकीयदृष्ट्या उपयुक्त मानावे, असे आधीच ठरले आहे. प्रमाण विचलन १.७९ तासच मानले, तर खरी वाढ एक तास असूनही दहा रुग्णांवरील चाचणी ती केवळ ३५ टक्के वेळा ओळखू शकेल. ही चाचणीची शक्ती होय. उरलेल्या ६५ टक्के वेळा दुसऱ्या प्रकारची चूक घडेल.

आता मूळ निकालाकडे पुन्हा पाहता येईल. ज्या चाचणीला एक तासाची वाढही बहुधा दिसली नसती, तिने 'सार्थक फरक आढळला नाही' असे सांगितल्याने औषध निरुपयोगी ठरत नाही. खऱ्या मध्यमानाचा ९५ टक्के विश्वासांतराल काढल्यास हे स्पष्ट होते. तो −०.५३ तास ते २.०३ तास असा येतो. झोप अर्ध्या तासाने घटणे आणि दोन तासांनी वाढणे, या दोन्ही शक्यतांशी ही आकडेवारी सुसंगत आहे. अशा वेळी 'शून्य परिकल्पना स्वीकारली' असे न लिहिता 'नाकारता आली नाही' असे लिहिण्याचा संकेत म्हणूनच पाळला जातो.

एक चूक टाळताना दुसरी
निष्प्रभ औषधाची भीती अधिक वाटली, तर सार्थकता पातळी १ टक्क्यावर आणता येते. परंतु रुग्ण दहाच राहिले, तर एक तासाची वाढ ओळखण्याची शक्ती ३५ टक्क्यांवरून सुमारे १३ टक्क्यांवर घसरते. दोन्ही चुका एकाच वेळी कमी करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे नमुना वाढविणे. ५ टक्के पातळी कायम ठेवून शक्ती ८० टक्के हवी असल्यास येथे सुमारे २८ रुग्ण लागतील.

नमुना वाढविताना एक पथ्य पाळावे लागते. कुश्नी आणि पीबल्स यांच्या नोंदीत प्रत्येक रुग्णाची संख्या ही अनेक रात्रींची सरासरी आहे. प्रत्येक रात्र स्वतंत्र निरीक्षण मोजून नमुनासंख्या फुगवली, तर प्रमाण त्रुटी खोटेपणाने लहान होते आणि पहिल्या प्रकारच्या चुकीचे प्रमाण ठरविलेल्या ५ टक्क्यांपेक्षा वाढते. कारण एकाच रुग्णाच्या रात्री परस्परांपासून स्वतंत्र नसतात. आकडे पाहिल्यानंतर द्विपुच्छ चाचणी सोडून एकपुच्छ चाचणी निवडणे आणि पी-मूल्य निम्मे करणे, याचाही परिणाम तोच होतो.

सार्थक निकालांपैकी खोटे किती?
शक्ती कमी असल्याची झळ केवळ असार्थक निकालांना लागते असे नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकूण १००० औषधांची चाचणी झाली. त्यांपैकी १०० खरोखर गुणकारी आणि ९०० निष्प्रभ आहेत. शक्ती ३५ टक्के असल्यास गुणकारी औषधांपैकी ३५ सार्थक ठरतील. सार्थकता पातळी ५ टक्के असल्यास निष्प्रभ औषधांपैकी ४५ सार्थक ठरतील. म्हणजे सार्थक ठरलेल्या ८० औषधांपैकी ४५, अर्थात निम्म्याहून अधिक, निष्प्रभ असतील. सार्थकता पातळी सर्वत्र काटेकोरपणे पाळली गेली, तरीही असे घडेल. हेच प्रमाण शक्ती ८० टक्के असती तर १२५ पैकी ४५ इतके कमी झाले असते. ५ टक्के ही संख्या निष्प्रभ औषधांपैकी किती फसवतील हे सांगते. सार्थक ठरलेल्यांपैकी किती फसवी आहेत हे सांगत नाही.

निष्कर्ष
वरील विवेचनावरून असे दिसते की, पी-मूल्य हे शून्य परिकल्पना आणि हाती आलेली आकडेवारी यांच्यातील विसंगतीचे माप आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मधील निवेदनातही, पी-मूल्य हे परिकल्पना खरी असण्याच्या संभाव्यतेचे मापन करीत नाही, असे स्पष्ट केले आहे. सार्थकता पातळी पहिल्या प्रकारच्या चुकीवर मर्यादा घालते. दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा विचार नमुनासंख्या ठरवितानाच करावा लागतो. म्हणून अहवालात 'पी-मूल्य ०.२२, फरक असार्थक' एवढेच न लिहिता मध्यमान ०.७५ तास, त्याचा विश्वासांतराल आणि नमुनासंख्या १० ही माहितीही द्यावी. तसे केल्यास औषध निष्प्रभ ठरले आहे की प्रयोगच अपुरा होता, हे वाचकाला स्वतः पडताळून पाहता येते. या उदाहरणात दुसरी शक्यता दुर्लक्षिता येत नाही.