लिमिट माणसाची की जागेची?

“तीन पेगनी मला काही होत नाही,” असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. त्याच्या नेहमीच्या परमिट रूममध्ये, नेहमीच्या टेबलावर, नेहमीच्या मित्रांबरोबर तीन पेग झाले तरी त्याची जीभ अडखळत नाही, पाऊल सरळ पडतं आणि बिलाचा हिशेबही चुकत नाही. तोच माणूस परगावच्या लग्नात दोन पेगांतच लटपटू लागतो. मग मित्र म्हणतात, “माल डुप्लिकेट असणार.” कधीकधी ते खरंही असतं. पण बाटली अस्सल असली तरी असं घडू शकतं. याचं कारण शास्त्रज्ञ 1970 च्या दशकापासून प्रयोगशाळेत तपासत आले आहेत. दारू सोसण्याची ताकद काही अंशी माणूस जिथे पितो त्या जागेशी बांधलेली असते.

शरीर आधीच तयारीला लागतं

दारू मेंदूतल्या पेशींचं काम मंदावते, तोल आणि हालचालींवरचा ताबा सैल करते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करून शरीराचं तापमान उतरवते. शरीर हे मुकाट्याने सोसत नाही. ते उलट दिशेने जोर लावतं: मंदावलेल्या यंत्रणेला चेतवतं, उतरणारं तापमान वर ढकलतं. सुरुवातीला हा प्रतिकार दारू रक्तात पोचल्यावर जागा होतो. पण तीच जागा, तीच वेळ आणि तीच चव पुन्हा पुन्हा वाट्याला आली, की शरीर या खुणांवरून पुढचं ओळखायला शिकतं. चिंच नुसती दिसली तरी तोंडाला पाणी सुटतं, ते याच प्रकारच्या शिकण्यामुळे. मानसशास्त्रात याला अभिसंधान म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ते जगापुढे मांडलं.

नेहमीच्या बारमध्ये शिरल्यावर मंद दिवे, ओळखीचा वेटर, चकण्याची बशी, ग्लासात पडणाऱ्या बर्फाचा आवाज आणि त्याच ब्रँडचा वास हे सगळं मिळून शरीराला दारू येत असल्याची सूचना देतं. पहिला घोट घशाखाली उतरण्याआधीच प्रतिकार सुरू झालेला असतो. त्यामुळे दारूचा परिणाम आणि शरीराचा प्रतिकार एकमेकांना बरेचसे कापतात आणि चढल्यासारखं कमी वाटतं. अनोळखी जागी यांतल्या बऱ्याच खुणा नसतात. प्रतिकार उशिरा किंवा अपुरा होतो आणि तेवढीच दारू जास्त चढते.

उंदरांचं तापमान आणि निळं पेय

ही कल्पना दारूच्या बाबतीत नेमकेपणाने तपासली ती टोरंटोतल्या ले, पूलोस आणि कॅपेल या संशोधकांनी. त्यांचा प्रयोग 1979 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दारू दिल्यावर उंदराचं तापमान उतरतं आणि ते थर्मामीटरने मोजता येतं. संशोधकांनी उंदरांना एका विशिष्ट खोलीत वारंवार दारू टोचली, तर दुसऱ्या जागी नुसतं मिठाचं पाणी. काही काळाने दारूच्या खोलीत दारूने तापमान पूर्वीइतकं उतरेना. उंदरांना दारू सोसू लागली होती. मग त्याच उंदरांना तेवढीच दारू दुसऱ्या जागी दिली, तर कमावलेली सहनक्षमता जवळजवळ नाहीशी झाली आणि तापमान पुन्हा घसरलं.

सर्वांत बोलका ठरला तो पुढचा टप्पा. दारूच्या खोलीत उंदरांना दारूऐवजी मिठाचं पाणी टोचलं, तेव्हा त्यांचं तापमान वाढलं. जो प्रतिकार एरवी दारूच्या परिणामाखाली झाकला जातो, तो इथे उघडा पडला. अडवायला दारूच नव्हती, तरी शरीराने जोर लावला होता, आणि तो केवळ त्या खोलीच्या खुणांवरून.

माणसांवरचे प्रयोग अर्थातच सौम्य आहेत. बॉब रेमिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जागेऐवजी पेय बदललं होतं. काहींना अल्कोहोल बिअरच्या ओळखीच्या रूपात दिलं, तर काहींना तेवढंच अल्कोहोल पेपरमिंटच्या चवीच्या अनोळखी निळ्या पेयातून दिलं. निळं पेय घेतलेल्यांची चाचण्यांतली कामगिरी जास्त बिघडली आणि त्यांना नशाही जास्त जाणवली. पेयाचा रंग, वास आणि चव यासुद्धा शरीरासाठी खुणाच असतात, हे यातून दिसलं. माणसांमधला हा परिणाम उंदरांइतका ठळक असतोच असं नाही. रिकामं पोट, जागरण आणि पिण्याचा वेग यांचाही मोठा वाटा असतो. पण दिशा तीच आहे.

कोल्हापूरचा हिशेब गोव्यात

आता हे आकड्यांत पाहू. समजा, 70 किलो वजनाचा कोल्हापूरचा एक पुरुष दर शनिवारी रात्री ठरलेल्या बारमध्ये सोड्यासोबत दोन मोठे पेग व्हिस्की घेतो. मोठा पेग 60 मिलिलिटरचा. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे एका मोठ्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आणि दोनमध्ये 40. स्वीडनचे एरिक विडमार्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने हिशेब केला, तर हे 40 ग्रॅम पूर्ण भिनल्यावर त्याच्या दर 100 मिलिलिटर रक्तात 80 ते 85 मिलिग्रॅम अल्कोहोल असू शकतं. यकृत त्यातलं ताशी साधारण 15 मिलिग्रॅम कमी करतं. पहिल्या घोटानंतर दोन तासांनी तो उठला, तर रक्तात अजून 50 च्या वरच शिल्लक असेल. भरपेट जेवणाने आकडा थोडा कमी होतो. त्याच वजनाच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तिचा आकडा जास्त येतो.

हाच माणूस मित्रांबरोबर गोव्याला जातो. भर दुपारी, समुद्रकाठच्या शॅकमध्ये, अननसाच्या रसातून काजूची फेणी घेतो. फेणीतही अल्कोहोल जवळपास व्हिस्कीइतकंच असतं, त्यामुळे दोन मोठ्या मापांनंतर रक्तातला आकडा तोच येतो. पण वेळ, उजेड, वास, चव यांतलं काहीच त्याच्या शरीराच्या ओळखीचं नाही. रसाच्या गोडीत दारूची चव दबल्यामुळे तीही खूण हरवते. शनिवारी रात्री जो प्रतिकार आपोआप सुरू होतो, तो इथे अर्धवटच होतो. त्याला चढते, आणि ती त्याच्या अपेक्षेपेक्षा लवकर चढते. अशा वेळी तो थांबला तर ठीक. पण “दोन पेगांनी मला काही होत नाही” या हिशेबावर तिसरं माप घेऊन, त्या अवस्थेत भाड्याच्या स्कूटरवर किंवा समुद्रात पोहायला गेला, तर कोल्हापुरात कमावलेला आत्मविश्वास त्याला गोव्यात थेट धोक्यात नेतो.

ओळखीच्या जागेची फसवणूक

नवीन जागी दारू जास्त चढते हा फसवणुकीचा उघड भाग. जास्त नुकसान होतं ते ओळखीच्या जागी. कारण तिथे माणसाला ठीक वाटतं आणि तो त्या वाटण्यावर विश्वास ठेवतो.

अभिसंधानाने दारूचा जाणवणारा परिणाम कमी होतो, रक्तातलं अल्कोहोल मात्र कमी होत नाही. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. कोल्हापूरच्या आपल्या माणसाला बारमधून उठताना शुद्ध ताळ्यावर वाटत असलं, तरी त्याच्या रक्तात कायद्याच्या मर्यादेच्या पावणेदोन पट अल्कोहोल आहे. ते 30 वर यायला पहिल्या घोटापासून सुमारे साडेतीन तास लागतील. शिवाय ही सहनक्षमता सरावाच्या कामांत जास्त दिसते. ग्लास उचलणं, बोलणं, ओळखीच्या वाटेने बाथरूमपर्यंत जाणं ही कामं त्याने पिऊन कित्येकदा केलेली असतात. अंधारात अचानक आडवी आलेली म्हैस पाहून ब्रेक दाबणं हे त्यांतलं नाही. बारमध्ये नीट चालता आलं म्हणून गाडी नीट चालवता येईल, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी फसवणूक मात्रेची. दोन पेगांनी पूर्वीसारखं वाटेनासं झालं की माणूस तीनवर जातो, मग चारवर. मेंदूला जाणवणारी नशा तेवढीच राहते, पण यकृताला, जठराला आणि रक्तदाबाला चार पेगांचा सगळा भार सोसावा लागतो. प्राणघातक ठरणारी मात्राही सवयीने फारशी वर सरकत नाही. म्हणजे सहज पचते असं वाटणारी मात्रा वाढत जाते आणि तिच्यातलं व जिवावर बेतणाऱ्या मात्रेतलं अंतर घटत जातं.

हे अंतर जागेवर किती अवलंबून असू शकतं, याचा कठोर पुरावा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या शेपर्ड सीगल यांनी हेरॉइनवर केलेल्या प्रयोगात मिळाला. तो 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांना मोठी मात्रा नेहमीच्या जागी दिली तेव्हा सुमारे 32 टक्के मेले. तीच मात्रा वेगळ्या जागी दिली तेव्हा 64 टक्के मेले, आणि कधीच सवय नसलेल्यांपैकी 96 टक्के. सवय सारखी आणि मात्राही सारखी असताना केवळ जागा बदलल्याने मृत्यूंचं प्रमाण दुप्पट झालं. हेरॉइन आणि दारू यांचे परिणाम वेगळे आहेत, त्यामुळे हे आकडे दारूला जसेच्या तसे लावता येत नाहीत. सहनक्षमता किती मोठ्या प्रमाणात जागेला बांधलेली असू शकते, हे मात्र त्यांतून कळतं.

यावरून पिणाऱ्याने घ्यायचा धडा साधा आहे. चढली की नाही हे जाणवण्यावरून ठरवू नये, मापावरून ठरवावं. किती मिलिलिटर घेतली, किती टक्क्यांची, पहिला घोट कधी घेतला आणि आता किती वाजले, या चार गोष्टी ठाऊक असल्या की अंदाजाचा हिशेब कुणालाही करता येतो. मित्राच्या घरी अंदाजाने ओतलेला पेग 60 चा आहे की 90 चा, हे विचारायला संकोचू नये. जागा, वेळ किंवा पेय नवीन असेल, तर नेहमीचा आकडा तिथे लागू नाही असं धरून त्याहून कमी घ्यावी आणि सावकाश घ्यावी. गाडी चालवायची असेल, तर हिशेबाच्या भानगडीत न पडता अजिबात घेऊ नये.

“माझी लिमिट तीन पेग” हे वाक्य पुढच्या वेळी कुणी उच्चारलं, तर त्याला विचारावं: कुठे, किती वाजता आणि कोणत्या पेयाचे? या तिन्हींची उत्तरं दिली, तरी त्याने सांगितली ती नशा जाणवण्याची लिमिट असते. रक्तातला आकडा, यकृतावरचा भार आणि ब्रेक दाबायला लागणारा वेळ या लिमिटवरून कळत नाही.