शिवी रोमनमध्ये येते तेव्हा

यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ब्लॉक केलेल्या शब्दांची यादी करता येते. त्यातला शब्द असलेली कमेंट लगेच झळकत नाही, तपासणीसाठी थांबते. मराठी चॅनलवाले इथेच फसतात. शिवी देवनागरीत घातली, तरी लोक ती रोमन अक्षरांत, मध्ये टिंब देऊन, एखादं अक्षर लांबवून लिहितात. म्हणून थांबलेल्या आणि निसटलेल्या कमेंट पाहून यादी वाढवत राहावी लागते. मात्र ‘मूर्ख’सारखा साधा शब्द टाकला, तर सभ्य टीकाही अडकते. थांबलेल्या कमेंट साठ दिवसच राहतात, तेव्हा अधूनमधून पाहाव्यात.

ठरवून केलेला हल्ला वेगळाच. तासाभरात अनोळखी खात्यांवरून जवळपास एकाच मजकुराच्या कमेंट येऊ लागल्या, की एकेक खातं लपवणं पुरत नाही. त्या व्हिडिओवर ‘सर्व कमेंट तपासणीसाठी थांबवा’ हा पर्याय निवडावा किंवा नव्या कमेंट काही काळ बंद ठेवाव्यात. पुसण्याआधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपाव्यात. धमकी असेल तर cybercrime.gov.in वर तक्रार करावी आणि उत्तर देत बसू नये, त्यांना तेच हवं असतं.