गच्चीवरची डिश आणि सचिवांच्या नावचं पत्र

सोसायटीच्या कमिटीपुढे येणाऱ्या अर्जांत डिश अँटेनाचा अर्ज सगळ्यात किरकोळ समजला जातो. बहुतेक वेळा तो दोन ओळींचा असतो: ‘मी डिश बसवत आहे, कृपया परवानगी द्यावी.’ मग कमिटीत कुणीतरी विचारतं, ‘कुठे बसवणार?’ दुसरा म्हणतो, ‘गच्चीला भोकं पाडणार असतील तर नको.’ अर्ज पुढच्या मीटिंगवर ढकलला जातो. तोवर कंपनीचा माणूस येऊन डिश लावूनही गेलेला असतो आणि परवानगीचा विषय तक्रारीचा होऊन बसतो.

खरं तर दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर असतं. सभासदाला टीव्ही पाहायचा असतो आणि कमिटीला गळती नको असते. दोघांची गाठ एका चांगल्या पत्राने पडू शकते, पण त्यासाठी डिश नेमकी काय मागते ते आधी समजून घ्यायला हवं.

डिश मागते मोकळं आकाश, तेही एकाच दिशेचं. आपल्याकडच्या डीटीएच सेवांचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर आहेत. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आहे, डीडी फ्री डिशचा 93.5 वर आणि एअरटेलचा 108.2 वर. मुंबई आणि पुणे साधारण 73 ते 74 अंशांवर येतात. म्हणजे हे सगळे उपग्रह आपल्या दक्षिणेला आणि पूर्वेकडे कललेले, आग्नेयेच्या आसपास दिसतात. मुंबईतून पाहिलं तर 83 अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे 65 अंश उंच असतो आणि 108 वरचा सुमारे 44 अंश. ज्याच्या फ्लॅटची बाल्कनी पूर्वेला किंवा दक्षिणेला उघडते त्याचं काम बऱ्याचदा बाल्कनीच्या ग्रिलवर भागतं, मात्र वरच्या मजल्याचा छज्जा किंवा बाल्कनी आड यायला नको. उत्तरेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या फ्लॅटपुढे गच्चीशिवाय पर्याय नसतो. त्याने कितीही महागडी डिश आणली तरी इमारतीच्या भिंतीतून सिग्नल येत नाही.

आपल्या बाल्कनीतून उपग्रह दिसतो का, हे पाहण्याची एक फुकटची युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला सूर्य आकाशात जवळपास याच उपग्रहांच्या रांगेतून जातो. त्या दिवसांत सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान जिथे ऊन पडतं, तिथून उपग्रह दिसतात. दहाच्या सुमाराचं ऊन 108 अंशांच्या उपग्रहाचं आणि बाराच्या आसपासचं 83 अंशांच्या. याच काळात सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आला की टीव्ही काही मिनिटं बंद पडतो, तेव्हा बिघाड समजून कंपनीला फोन करू नये. बाकीचे महिने कंपनीचा माणूस होकायंत्र आणि सिग्नल मीटर घेऊन हेच काम करतो. अर्ज लिहिण्याआधी त्याच्याकडून जागा बघून घ्यावी. डिश मात्र त्या दिवशी लावून घेऊ नये.

आता कमिटीची बाजू. सोसायटीत गच्ची ही सगळ्यांच्या सामायिक वापराची जागा असते. आदर्श उपविधींनुसार गच्ची, कठडे आणि छताची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, आणि गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं सीलिंग खराब झालं तर तेही सोसायटीलाच दुरुस्त करावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्याची डिश, सातव्या मजल्यावरच्याचं ओलं छत आणि खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून, असा हा मामला आहे. म्हणून ‘साधी डिश तर आहे’ हे सभासदाचं वाक्य कमिटीच्या कानाला वेगळं ऐकू येतं.

आपल्याकडच्या बऱ्याच गच्च्यांवर स्लॅबच्या वर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात उतार देऊन बसवलेले असतात आणि त्यावर गुळगुळीत थर दिलेला असतो. पाणी अडवण्याचं मोठं काम हा वरचा थर करतो. डिशचा स्टँड चार अँकर बोल्टांवर बसतो. त्यासाठी ड्रिलने चार भोकं पाडली की पावसाचं पाणी त्यातून कोब्यात उतरतं, आणि ते सरळ खाली येत नाही. विटांच्या फटींतून वाट काढत ते दुसरीकडेच, कधी कधी वीस-पंचवीस फुटांवर, छतावर डाग होऊन उमटतं. गळती जूनमध्ये सुरू होते आणि डिश लागलेली असते मागच्या दिवाळीत. दोन्हींचा संबंध जोडणं कुणालाच जमत नाही. मग पूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचा ठराव होतो.

दुसरी काळजी वाऱ्याची. साठ सेंटिमीटरच्या डिशवर ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात पंधरा ते वीस किलोंच्या वजनाइतका जोर येतो. एवढा वारा मुंबईने मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पाहिला आहे. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, प्लॅस्टरमध्ये लावलेली डिश अशा वेळी बोल्टासकट उखडली तर ती खालच्या पार्किंगमध्ये किंवा माणसावर पडते. म्हणून बाहेरची भिंत आणि खिडकीचा छज्जा या जागांना कमिटीने नाही म्हणावं, यात मला अन्याय दिसत नाही. कठड्याच्या आतली बाजू किंवा पाण्याच्या टाकीजवळचा लोखंडी पाइप या जागा त्या मानाने निर्धोक आहेत. सर्वांत उत्तम म्हणजे भोक न पाडता बसणारा स्टँड. लोखंडी चौकट ठेवायची, तिच्यावर सिमेंटचे ब्लॉक ठेवून वजन द्यायचं आणि खाली रबराची मॅट टाकायची, म्हणजे कोब्याला ओरखडाही पडत नाही.

तिसरी गोष्ट केबलची, आणि तक्रारी जास्त हिच्यामुळे येतात. पुण्यातल्या एका सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडचा फ्लॅट आहे असं धरू. गच्चीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत खाली पंधरा मीटर, गच्चीवर आडवी दहा मीटर आणि घरात चार-पाच मीटर मिळून तीस मीटरच्या आसपास केबल लागते. इथवर साधी आरजी-6 केबल चांगली चालते. तीस-चाळीस मीटरच्या पुढे सिग्नल इतका क्षीण होतो की मध्ये लाइन अॅम्प्लिफायर बसवावा लागतो. ही केबल कुठून उतरवायची हे अर्जात लिहिलं नाही तर कंपनीचा माणूस जवळची वाट धरतो, आणि ती वाट बहुधा शेजाऱ्याच्या खिडकीसमोरून जाते. इमारतीला डक्ट असेल तर केबल डक्टमधूनच न्यावी. गच्चीवर ती जमिनीवरून न नेता कठड्याच्या कडेने क्लिप मारून न्यावी, नाहीतर कपडे वाळत घालायला येणारं कुणीतरी तिच्यात पाय अडकून पडतं.

याच फ्लॅटच्या मालकाने लिहिलेलं पत्र असं असू शकेल:

‘प्रति,
मा. सचिव,
... सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, पुणे.

विषय: गच्चीवर डीटीएच डिश अँटेना बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
मी बी विंगमधील सदनिका क्र. 304 चा सभासद आहे. माझी सदनिका पश्चिमाभिमुख असून उपग्रह आग्नेय दिशेस असल्याने खिडकीतून किंवा बाल्कनीतून सिग्नल मिळत नाही. कंपनीच्या तंत्रज्ञाने पाहणी करून तसे सांगितले आहे. म्हणून बी विंगच्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेकडील भागात, साठ सेंटिमीटर व्यासाची एक डिश बसवण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. जागेचा फोटो व खुणा केलेला नकाशा सोबत जोडला आहे.
डिश सिमेंट ब्लॉकच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या स्टँडवर बसवली जाईल. स्लॅबला, कोब्याला किंवा कठड्याला भोक पाडले जाणार नाही. केबल कठड्याच्या आतील कडेने व त्यापुढे डक्टमधून नेली जाईल. काम संस्थेने नेमलेल्या व्यक्तीसमोर, संस्था सांगेल त्या वेळी केले जाईल. या डिशमुळे गच्चीचे किंवा कुणाच्याही मालमत्तेचे नुकसान झाल्यास ते मी स्वखर्चाने भरून देईन. गच्चीच्या दुरुस्तीसाठी संस्थेने कळवल्यास डिश तात्पुरती हलवीन व सेवा बंद केल्यास डिश, स्टँड आणि केबल काढून घेईन.
आपला विश्वासू,
(सभासदाची सही)’

या पत्रात टीव्हीची गरज पटवून देणारं एकही वाक्य नाही, आणि ते नकोच. कमिटीला जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं त्यात आहेत. शेवटच्या ओळीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. कोणत्याही जुन्या सोसायटीच्या गच्चीवर जा, सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या गंजलेल्या डिश तिथे दिसतील. त्या कुणाच्या हे माहीत नसल्यामुळे त्यांना हात लावायलाही कुणी तयार नसतं. म्हणूनच घर भाड्याने दिलेलं असलं तरी अर्ज मालकाच्या, म्हणजे सभासदाच्या सहीने जायला हवा. भाडेकरू बदलतो, सोसायटीशी नातं मालकाचंच राहतं.

अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही अशी पोच घ्यावी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सचिवांनी अंगठा दाखवला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. सचिव अर्ज कमिटीच्या सभेत ठेवतात, निर्णय इतिवृत्तात येतो आणि मग अटींसह पत्र मिळतं. नकार दिला तर कारणासह लेखी मागावा. दिलेलं कारण भोकांचं किंवा बाहेरच्या भिंतीचं असेल, तर जागा किंवा स्टँड बदलून पुन्हा अर्ज केला की प्रश्न सुटतो. वाद उपनिबंधकांकडे किंवा सहकारी न्यायालयात नेण्याचा मार्ग आहे, पण साठ सेंटिमीटरच्या डिशसाठी तिथवर जाणं म्हणजे वेळेचा अपव्यय आहे.

कमिट्यांनाही एक सांगायचं आहे. ‘गच्चीवर काहीच लावायचं नाही’ असा सरसकट ठराव केला की लोक डिश लावायची थांबत नाहीत, ती खिडकीच्या छज्जावर लावतात. तिथे ती जास्त धोकादायक असते आणि इमारतही विद्रूप दिसते. त्यापेक्षा सोसायटीने गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात एकदाच नीट वॉटरप्रूफ केलेल्या ओट्यावर लोखंडी पाइप उभारावेत आणि सगळ्या डिश तिथेच लावाव्यात. एकाच कंपनीचे ग्राहक बरेच असतील तर एक डिश आणि मल्टिस्विच बसवून तिचा सिग्नल अनेक घरांत देता येतो. दहा घरांसाठी दहा डिश लावायची गरज नसते. गच्चीवर वीजवाहक असेल तर डिश त्याच्या टोकापेक्षा खालीच ठेवावी, एवढं इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावं.

आणि सभासदांना विनंती एवढीच की कंपनीच्या माणसाला बोलावण्याची तारीख परवानगीचं पत्र हातात आल्यानंतरच ठरवावी.